गणितात ३०, मराठीत ३५: तुलनेने कोणता पेपर चांगला गेला?

पालकसभेत हमखास येणारा प्रश्न आहे: "मॅडम, हिला गणितात ७५ टक्के आणि मराठीत ७०. मग मराठीची शिकवणी लावायची का?" प्रश्न रास्त आहे, पण नुसत्या या दोन आकड्यांवरून त्याचं उत्तर देता येत नाही. मराठीचा पेपर कडक तपासला गेला असेल तर ७० म्हणजे वर्गात दुसरा नंबर असू शकतो. गणिताचा पेपर सोपा असेल तर ७५ म्हणजे जेमतेम मधली जागा. टक्के काढल्यामुळे ४० चा पेपर आणि ५० चा पेपर एका पातळीवर येतात एवढंच. पेपर किती अवघड होता, तपासणारा हात सढळ होता की आखडता, याचा टक्क्यांना पत्ताच नसतो.

ते कळायला आणखी चार आकडे लागतात: दोन्ही पेपरांत वर्गाची सरासरी किती आणि दोन्ही पेपरांत गुणांचा पसारा किती. हे चारही आकडे शाळेतल्या गुणपत्रकातच लपलेले असतात. ते बाहेर कसे काढायचे, त्यावरून निर्णय कसा करायचा आणि त्या निर्णयावर कितपत विसंबायचं, हे एका उदाहरणातून पाहू. नवीन शिक्षकांसाठी हे लिहितेय, पण आठवीपर्यंतचं गणित आठवणाऱ्या कोणत्याही पालकाला जमेल असं आहे.

## आधी यादी नीट मांडा

नववीच्या दहा मुलांचा एक छोटा वर्ग घेऊ. आकडे मी उदाहरणासाठी बनवले आहेत आणि वर्ग मुद्दाम छोटा ठेवला आहे, म्हणजे सगळं कागदावर हाताने करता येईल. गणिताचा पेपर ४० चा आणि मराठीचा ५० चा. आपली विद्यार्थिनी रेवती, हजेरी क्रमांक ४.

| क्रमांक | गणित (४० पैकी) | मराठी (५० पैकी) |
|---|---|---|
| १ | २२ | ३१ |
| २ | ३९ | ३३ |
| ३ | १४ | २९ |
| ४ (रेवती) | ३० | ३५ |
| ५ | ११ | ३० |
| ६ | ३५ | ३६ |
| ७ | २६ | २६ |
| ८ | १९ | ३३ |
| ९ | १६ | २५ |
| १० | २८ | ३२ |

पुढे जाण्याआधी दोन गोष्टी तपासून घ्या. दोन्ही रकान्यांत तीच मुलं आहेत ना? आणि गैरहजर मुलाच्या नावापुढे कोणी शून्य तर टाकलेलं नाही ना? दुसरी गोष्ट फालतू वाटते, पण सगळ्यात जास्त घोळ तिच्यामुळेच होतो. तिच्याकडे पुढे सविस्तर येईन.

## सरासरी आणि तिच्यापासूनचं अंतर

गणिताच्या दहा गुणांची बेरीज २४०, म्हणून सरासरी २४. मराठीची बेरीज ३१०, सरासरी ३१. रेवती गणितात सरासरीच्या ६ गुणांनी पुढे आहे आणि मराठीत ४ गुणांनी.

बरेच जण इथेच थांबतात आणि म्हणतात, गणितात ६ ने पुढे, मराठीत ४ नेच, म्हणजे गणितच बरं. वर टक्केही तेच सांगत होते: ७५ विरुद्ध ७०. दोन वेगवेगळ्या वाटांनी एकच उत्तर आलं की ते खरं वाटायला लागतं. पण यादीवरून पुन्हा एकदा नजर फिरवा. गणितात ११ पासून ३९ पर्यंत मुलं विखुरलेली आहेत. मराठीत सगळी २५ ते ३६ मध्ये दाटीवाटीने बसली आहेत. जिथे मुलं एकमेकांपासून दहा-दहा गुणांवर आहेत तिथे ६ गुणांनी पुढे असणं वेगळं आणि जिथे सगळी खेटून बसली आहेत तिथे ४ गुणांनी पुढे असणं वेगळं.

हे काही या उदाहरणापुरतं नाही. गणितात बरोबर आलेल्या गणिताला पूर्ण गुण आणि अडलेल्याला फार तर एखाद-दुसरा, त्यामुळे गुण लांबवर पसरतात. भाषेच्या पेपरात निबंधाला शून्य कोणी देत नाही आणि पैकीच्या पैकीही क्वचितच मिळतात. म्हणून सगळे मधल्या पट्ट्यात जमतात. गणित आणि भाषा यांची तुलना करताना पसारा मोजल्याशिवाय पुढे जाऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

## पसारा मोजायचा कसा

पसारा म्हणजे मुलं सरासरीपासून साधारण किती लांब आहेत. प्रत्येकाचं अंतर काढून त्यांची सरासरी घ्यावी, असं पहिल्यांदा सुचतं. पण ती अंतरं चिन्हासकट मिळवली तर बेरीज नेहमी शून्यच येते, कारण सरासरीच्या वरची आणि खालची अंतरं एकमेकांना खाऊन टाकतात. म्हणून आधी अंतराचा वर्ग करायचा, त्या वर्गांची सरासरी घ्यायची आणि शेवटी वर्गमूळ काढून पुन्हा गुणांच्या मापात यायचं. याला प्रमाण विचलन म्हणतात. अकरावी-बारावीच्या संख्याशास्त्रात भेटलेलं तेच हे.

गणिताचं पूर्ण करून दाखवते.

| गुण | २४ पासून अंतर | अंतराचा वर्ग |
|---|---|---|
| २२ | −२ | ४ |
| ३९ | १५ | २२५ |
| १४ | −१० | १०० |
| ३० | ६ | ३६ |
| ११ | −१३ | १६९ |
| ३५ | ११ | १२१ |
| २६ | २ | ४ |
| १९ | −५ | २५ |
| १६ | −८ | ६४ |
| २८ | ४ | १६ |

मधल्या रकान्याची बेरीज शून्य यायलाच हवी. नाही आली तर सरासरी चुकली किंवा एखादं चिन्ह चुकलं. वर्गमुळापर्यंत जाण्याआधी ही तपासणी करा, दहा सेकंदांचं काम आहे. शेवटच्या रकान्याची बेरीज ७६४. तिला १० ने भागलं की ७६.४ आणि त्याचं वर्गमूळ ८.७४. म्हणजे गणितात मुलं सरासरीपासून साधारण पावणेनऊ गुणांच्या अंतरावर आहेत.

मराठीचं तसंच करा. ३१ पासूनची अंतरं क्रमाने ०, २, −२, ४, −१, ५, −५, २, −६, १. बेरीज शून्य, छान. वर्गांची बेरीज ११६, दहाने भागून ११.६, वर्गमूळ ३.४१. गणिताचा पसारा मराठीच्या अडीचपटींहून जास्त निघाला.

इथे कॅल्क्युलेटर वापरणाऱ्यांचा एक घोटाळा होतो. वर्गांच्या बेरजेला मी १० ने भागलं. काही पुस्तकांत एक कमी करून, म्हणजे ९ ने भागलेलं दिसेल. मोठ्या समूहातली मोजकी मुलं निवडून त्यांच्यावरून अख्ख्या समूहाचा अंदाज बांधायचा असेल तर एक कमी करतात. इथे वर्ग हाच आपला पूर्ण समूह, म्हणून १० ने. सायंटिफिक कॅल्क्युलेटरवर σx हा पूर्ण समूहाचा आणि sx हा एक कमी करून काढलेला. खरं सांगायचं तर दोन्ही पेपरांना एकच पद्धत लावलीत तर निर्णय बदलत नाही. ९ ने भागलं तर ८.७४ चे ९.२१ होतात आणि ३.४१ चे ३.५९, म्हणजे दोन्ही आकडे सारख्याच प्रमाणात वाढतात. एका पेपराला एक पद्धत आणि दुसऱ्याला दुसरी, एवढं मात्र करू नका.

## आता भागाकार

सरासरीपासूनचं अंतर भागिले प्रमाण विचलन. याला झेड गुण म्हणतात. सरासरीच्या पुढे तुम्ही किती "पसारे" आहात, हे तो सांगतो.

गणित: ६ ÷ ८.७४ = ०.६९
मराठी: ४ ÷ ३.४१ = १.१७

टक्के आणि अंतर, दोघांनी मिळून गणिताच्या बाजूने दिलेला कौल उलटला. या वर्गाच्या मानाने रेवतीची मराठीतली कामगिरी जास्त ठळक आहे. क्रमांक पाहिलात तर तोही याला दुजोरा देतो: गणितात ती तिसरी, मराठीत दुसरी.

झेड गुण वाचायची सवय व्हायला वेळ लागत नाही. शून्य म्हणजे बरोबर सरासरीवर. अधिक म्हणजे वर, उणे म्हणजे खाली. पेपर ४० चा की ५० चा याने काही फरक पडत नाही. गणिताचे सगळे गुण टक्क्यांत बदलून पुन्हा करून बघा: अंतर १५ टक्के, पसारा २१.८५ टक्के आणि भागाकार तोच, ०.६९. म्हणजे आधी टक्के काढत बसायचीही गरज नाही.

पण ०.६९ आणि १.१७ हे आकडे पालकांपुढे ठेवून उपयोग नसतो. त्यातून एखाद्या मुलाचा आकडा उणे १.४ निघाला तर आई-बाबांचा चेहराच पडतो. यावर जुना तोडगा आहे. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ विल्यम मॅकॉल यांनी १९२२ मध्ये टी-गुणांची कल्पना मांडली. आज आपण तो सरळ काढतो: झेड गुणाला १० ने गुणायचं आणि ५० मिळवायचे. रेवतीचा गणिताचा टी-गुण ५७, मराठीचा ६२. उणे चिन्ह गेलं, दशांश गेले. नवा धोका असा की ५७ पाहिल्याबरोबर पालक त्याला टक्के समजतात, "अहो, ७५ होते, ५७ कसे झाले?" म्हणून कागदावर टी-गुण लिहिलात तर शेजारी "वर्गाची सरासरी = ५०" एवढं तरी जरूर लिहा.

## वर्ग साठ मुलांचा असेल तर

मग एक्सेल किंवा गूगल शीट्स. नावं A रकान्यात, गणित B मध्ये, मराठी C मध्ये, पहिली ओळ शीर्षकाची. आपल्या दहा मुलांसाठी ओळी २ ते ११ होतात. B12 मध्ये सरासरी, B13 मध्ये प्रमाण विचलन आणि D5 मध्ये रेवतीचा गणिताचा झेड गुण:

```
B12:  =AVERAGE(B2:B11)
B13:  =STDEV.P(B2:B11)
D5:   =(B5-B$12)/B$13
```

STDEV.P मधला P पूर्ण समूहाचा, म्हणजे आपला १० ने भागलेला. STDEV.S म्हणजे एक कमी करून काढलेला. शेवटच्या सूत्रातली डॉलरची खूण विसरू नका. ती नसेल तर सूत्र खाली ओढत नेलं की B12 चं B13 होतं, B13 चं B14, आणि ती चौकट रिकामी असल्यामुळे #DIV/0! उमटतं. वर ओढलं तर B12 चं B11 होतं, B13 चं B12, आणि मग येणारे आकडे कशाचेच नसतात. वाईट म्हणजे काही ओळींत ते दिसायला व्यवस्थित वाटतात. ताळा सोपा आहे: झेड गुणांच्या पूर्ण रकान्याची बेरीज शून्याच्या अगदी जवळ आली पाहिजे.

आणखी एक ताळा फारसा कोणाला ठाऊक नसतो. या पद्धतीने काढलेला झेड गुण मुलांच्या संख्येतून एक वजा करून आलेल्या आकड्याच्या वर्गमुळापेक्षा मोठा असूच शकत नाही. दहा मुलं असतील तर ९ चं वर्गमूळ ३. दहा मुलांच्या शीटमध्ये कुठे ३.४ किंवा उणे ५ दिसलं तर ते मूल असामान्य नाही, शीट चुकली आहे.

## गैरहजर मुलाचं शून्य

समजा वर्गात अकरावा मुलगा आहे. मराठीच्या पेपराला तो आलाच नाही आणि कोणीतरी त्याच्यापुढे ० टाकलं. मराठीची सरासरी ३१ वरून २८.१८ वर घसरते. साहजिकच वाटतं की रेवतीचा फायदा होणार, कारण आता ती ४ ऐवजी जवळजवळ ७ गुणांनी पुढे आहे. पण त्या एका शून्याने पसारा ३.४१ वरून ९.४९ वर नेऊन ठेवला. नवा झेड गुण ६.८२ ÷ ९.४९, म्हणजे ०.७२. १.१७ ची ठळक कामगिरी गणिताच्या ०.६९ च्या शेजारी येऊन बसली आणि दोन पेपरांतला फरक जवळजवळ पुसला गेला.

खालच्या टोकाला याचे परिणाम जास्त वाईट होतात. ९ क्रमांकाला मराठीत २५ गुण होते आणि खरा झेड गुण उणे १.७६. या मुलाकडे लगेच लक्ष द्यायला हवं. ते शून्य घुसल्यावर त्याचा आकडा उणे ०.३४ होतो, म्हणजे जवळजवळ सरासरीवर. ज्याला मदत हवी तो यादीत दिसेनासा झाला.

म्हणून गैरहजर मुलापुढे "AB" लिहा. AVERAGE आणि STDEV.P रकान्यातले शब्द मोजत नाहीत. त्याच्या झेड गुणाच्या चौकटीत #VALUE! दिसेल, दिसू द्या. चौकट नुसती रिकामी ठेवलीत तर सरासरी बिघडत नाही, पण वजाबाकीत रिकामी चौकट शून्य धरली जाते आणि त्याच्या नावापुढे उणे ९ च्या आसपासचा आकडा उमटतो. वरचा वर्गमुळाचा ताळा तो लगेच पकडतो.

## निर्णय किती घट्ट आहे

०.६९ आणि १.१७ यांच्यात जवळजवळ अर्ध्या पसाऱ्याचा फरक आहे. म्हणजे नक्की झालं का? माझ्या मते अजून नाही, आणि याचं कारण मराठीच्या तपासणीत आहे.

मराठीचा पसारा ३.४१ असल्यामुळे तिथला एकेक गुण महाग आहे: एक गुण इकडे-तिकडे झाला की झेड गुण साधारण ०.२९ ने हलतो. गणितात एका गुणाने तो ०.११ नेच हलतो. आता असं करा: रेवतीचा निबंध दुसऱ्या शिक्षकांनी तपासला आणि दोन गुण कमी दिले असं समजा. ३५ चे ३३ झाले. वर्गाची सरासरी ३०.८ होईल, पसारा ३.२२ आणि तिचा झेड गुण ०.६८. गणिताचे ०.६९. म्हणजे दोन्ही पेपर अगदी बरोबरीत.

निबंध, पत्रलेखन, रसग्रहण अशा प्रश्नांत दोन तपासनीसांमध्ये दोन गुणांचा फरक पडणं अजिबात नवल नाही. गणिताच्या उत्तरात तो सहसा पडत नाही. म्हणून मी या निकालाचं वाचन असं करेन: रेवती मराठीत गणितापेक्षा कमी पडते, हा टक्क्यांवरून काढलेला निष्कर्ष नक्कीच चूक आहे. ती मराठीत तुलनेने पुढे असावी, पण एका पेपरावरून पैज लावण्याइतकं ते घट्ट नाही. पुढच्या चाचणीतही हाच क्रम दिसला तर मग बोला.

ही परीक्षा कुठल्याही दोन पेपरांवर करता येते. ज्या पेपराचा पसारा लहान आहे त्यातला गुण एकाने, मग दोनाने कमी-जास्त करून झेड गुण पुन्हा काढा. क्रम पालटला तर निर्णय कच्चा.

## जिथे हे माप फसतं

अंतर्गत मूल्यमापनाचे २० गुण घ्या. बहुतेक शाळांत सगळ्यांना १८, १९ किंवा २० मिळतात. दहांपैकी दोघांना २०, सहांना १९ आणि दोघांना १८ असतील तर सरासरी १९ आणि पसारा ०.६३. वीस मिळवणाऱ्याचा झेड गुण १.५८ येतो, रेवतीच्या मराठीपेक्षाही वरचा. प्रत्यक्षात त्याने इतरांपेक्षा एक वही वेळेवर दिली एवढंच असेल. पसारा एका गुणाहूनही लहान असेल तर झेड गुण काढूच नका. लेखी ८० आणि अंतर्गत २० मिळवून १०० केलेले असतील, तर तुलना लेखी गुणांचीच करा.

दुसरी अडचण विचित्र आकाराच्या वर्गात येते. समजा गणितात अर्धा वर्ग ३५ च्या आसपास आहे, अर्धा १२ च्या आसपास आणि मध्ये कोणीच नाही. मग सरासरी अशा जागी पडते जिथे एकही मूल नाही, आणि पसारा फुगलेला निघतो. अशा वर्गात वरच्या गटातल्या कोणाचाच झेड गुण फार वर जात नाही, मग तो पहिला का असेना. हे ओळखायला सूत्र नको. वहीवर ० ते ४० ची रेषा आखा आणि प्रत्येक मुलासाठी एक ठिपका द्या. ठिपक्यांचे दोन पुंजके दिसले किंवा एखादा ठिपका फार लांब एकटाच पडलेला दिसला, तर झेड गुणांबरोबर क्रमांकही बघा. दोघं वेगवेगळं सांगत असतील तर मी क्रमांकावर जास्त विश्वास ठेवेन.

मोठ्या स्पर्धा परीक्षांतही हीच ओढाताण दिसते. जेईई मेन आणि एमएचटी-सीईटी अनेक सत्रांत होतात, प्रत्येक सत्राचा पेपर वेगळा. तिथे पर्सेंटाइल वापरतात. म्हणजे आपल्या सत्रातल्या किती टक्के उमेदवारांचे गुण आपल्याइतके किंवा आपल्यापेक्षा कमी आहेत, ते पाहतात. तो मुळात क्रमांकाचाच प्रकार. गेटमध्ये मात्र एखाद्या विषयाचा पेपर एकाहून जास्त सत्रांत झाला की समानीकरणाच्या सूत्रात त्या सत्राची सरासरी आणि प्रमाण विचलन यांची बेरीज थेट वापरली जाते. साठ मुलांच्या वर्गात पर्सेंटाइल काढण्यात फारसा अर्थ नाही, एका क्रमांकाने ते दीड-पावणेदोनने उडी मारतं.

शेवटची अडचण ऐच्छिक विषयांची. नववी-दहावीत काहींकडे संपूर्ण संस्कृत असतं, काहींकडे नसतं. संस्कृत घेणारी मुलं बऱ्याच शाळांत आधीच गुण मिळवणारी असतात, त्यामुळे त्या गटाची सरासरी उंच आणि पसारा लहान. चाळीस मुलांच्या पूर्ण वर्गात गणिताचा झेड गुण ०.९ आणि पंधरा मुलांच्या संस्कृतच्या गटात उणे ०.२, असं दिसलं की "संस्कृत कच्चं" असा शिक्का बसतो. पण इथे दोन वेगळ्या गर्दींत उभं करून त्या मुलीला मोजलं आहे. यावर उपाय एकच: ज्या पंधरा मुलांनी दोन्ही पेपर दिले, तेवढ्यांचीच यादी करायची, त्या पंधरांचीच गणिताची सरासरी आणि पसारा नव्याने काढायचा आणि मग दोन झेड गुण शेजारी ठेवायचे. हे केल्यावर गणिताचा ०.९ खाली येण्याचीच शक्यता जास्त.